ईसीजीच्या पट्टीवर हृदयाचा एक ठोका कसा वाचावा

ईसीजीची पट्टी हातात आली की बहुतेकांची नजर उंच टोकांवर जाते. इंदूरमध्ये ईसीजी काढताना मी रोज बघते, लोक टोकं मोजतात आणि मधल्या सपाट रेषेकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण हृदय रक्तानं भरतं ते बहुतेक त्या सपाट रेषेतच. म्हणून टोकं आणि रेषा दोन्ही वाचायची पद्धत इथे सांगते.

आधी कागद तपासा. कोपऱ्यात `25 mm/s` आणि `10 mm/mV` असं छापलेलं असायला हवं. पहिल्याचा अर्थ असा, की आडवी एक लहान चौकट 0.04 सेकंदाची आणि पाच लहान चौकटींची एक मोठी चौकट 0.2 सेकंदाची. वेग 50 असेल तर प्रत्येक चौकट निम्म्या वेळाची होते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. मग खाली आडवी पसरलेली लांब पट्टी निवडा. ती बहुतेक वेळा लीड दोनची असते आणि तिच्यात पी तरंग चांगला दिसतो. हा कागद उष्णतेनं छापला जातो, काही वर्षांत पुसट होतो. झेरॉक्स काढून ठेवा.

आता एक गोष्ट पक्की धरा: कागदावर दिसते ती वीज. स्नायूचं आकुंचन तिच्या मागोमाग येतं, तिच्याबरोबर नाही.

पहिला छोटा उंचवटा म्हणजे पी. अलिंद म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, निलय म्हणजे खालचे. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातल्या, ताल ठरवणाऱ्या एसए नोडमधून निघालेली लहर दोन्ही अलिंदांत पसरते, तिचा हा ठसा. त्यानंतर अलिंद आवळतात आणि उरलेलं रक्त खालच्या निलयांत ढकलतात. निलय तोवर बरेचसे भरलेले असतात. अलिंद फक्त शेवटची भर घालतात, विश्रांतीत साधारण पाचवा हिस्सा.

पीनंतरची छोटी सपाट रेषा थांब्याची आहे. लहर अलिंद आणि निलय यांच्यामधल्या एव्ही नोडमध्ये मंदावते आणि तेवढ्या वेळात अलिंदांतलं रक्त खाली उतरून घेतं. पीच्या सुरुवातीपासून पुढच्या उंच आकृतीच्या, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत मोजलं तर 0.12 ते 0.20 सेकंद, म्हणजे तीन ते पाच लहान चौकटी यायला हव्यात.

मग उंच, टोकदार क्यूआरएस. ही निलयांमधून धावणारी लहर. ती खास वाहिन्यांतून झपाट्यानं पसरते, म्हणून आकृती अरुंद राहते, तीन लहान चौकटींपेक्षा कमी. अलिंदांची वीज पूर्ववत होणंही साधारण याच सुमारास घडतं, पण या मोठ्या आकृतीत ते झाकलं जातं. क्यूआरएस सुरू झाल्यावर क्षणभरानं निलय आवळू लागतात, अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा बंद होतात आणि डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून पहिला आवाज ऐकू येतो. रक्त मात्र अजून बाहेर पडलेलं नसतं. आधी निलयातला दाब वाढावा लागतो. क्यूआरएस सुरू झाल्यापासून सुमारे 0.1 सेकंदानं महाधमनीची झडप उघडते आणि रक्त सुटतं. मनगटावरची नाडी त्याहून थोडी उशिरा लागते.

क्यूआरएस आणि त्याच्या पुढचा गोलसर उंचवटा टी यांच्यामधल्या सपाट भागात आणि टी चढत असताना रक्त बाहेर जात असतं. निरोगी माणसाच्या डाव्या निलयात विश्रांतीत साधारण 120 मिलिलिटर रक्त असतं, त्यातलं 70 बाहेर पडतं. टी तरंग म्हणजे निलयांची वीज पुन्हा पूर्वस्थितीला येणं. तो संपतो त्या सुमाराला महाधमनीची झडप मिटते, तो दुसरा आवाज.

टी संपल्यापासून पुढच्या पीपर्यंत रेषा सपाट. क्षणभरानं डाव्या निलयातला दाब अलिंदाच्याही खाली जातो, मधली मायट्रल झडप उघडते आणि साठलेलं रक्त स्वतःहून आत धावतं. कागदावर याची काहीही खूण उमटत नाही. या रेषेच्या लांबीवरून मात्र भरायला किती वेळ मिळाला, याचा अंदाज येतो.

हे सगळं एका पट्टीवर लावून बघू. लोकमान्य नगरातल्या एक काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, नाडी मध्येच एकदा गायब होते आणि मग छातीत धाडकन आपटतं." पट्टीवर दोन शेजारच्या टोकांमधलं अंतर 20 लहान चौकटी, म्हणजे 0.8 सेकंद, मिनिटाला 75 ठोके. पीपासून क्यूआरएसपर्यंत 4 चौकटी, क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंत 9. 20 मधून 13 वजा केले की 7 चौकटी सपाट रेषेच्या, साधारण 0.28 सेकंद. इथवर सगळं ठीक.

मध्येच एक टोक 20 ऐवजी 12 चौकटींवर आलं होतं. त्याच्यापुढे पी नाही, आकृती रुंद आणि वेडीवाकडी. ही लहर वरून आली नव्हती, निलयातूनच लवकर उठली होती. आधीचा टी 9 चौकटींवर संपला होता, म्हणजे भरायला 3 चौकटी मिळाल्या, 0.12 सेकंद. त्यातला बराचसा वेळ मायट्रल झडप उघडण्यातच गेला. अलिंदांची शेवटची भरही पडली नाही. निलय आवळला, पण आत रक्तच कमी होतं. महाधमनीची झडप जेमतेम उघडली असेल किंवा उघडलीच नसेल. कागदावर ठोका होता, मनगटावर नव्हता.

पुढचं टोक 28 चौकटींनी आलं. 12 आणि 28 मिळून 40, म्हणजे दोन नेहमीच्या ठोक्यांइतकंच अंतर. एसए नोडनं आपला ताल सोडला नव्हता, फक्त त्याची एक लहर खाली पोचली नव्हती. या लांब थांब्यात निलय नेहमीपेक्षा जास्त भरला, म्हणून पुढचा ठोका जोरात लागला. काकूंना जाणवलेलं "धाडकन" ते हेच.

स्वतःच्या पट्टीवर हा शोध घेताना एक अडचण येते. थंडीनं किंवा भीतीनं अंग थरथरलं तर सपाट रेषेवर बारीक काटे उमटतात आणि पी हरवल्यासारखा वाटतो. अशा वेळी टोकांमधली अंतरं मोजा. ती सारखी असतील तर बहुधा थरथरच आहे, पट्टी पुन्हा काढून घ्या. पी खरोखर नसेल आणि अंतरं कशीही कमीजास्त होत असतील, तर अलिंद आवळण्याऐवजी नुसते थरथरत असण्याची शक्यता आहे. ती पट्टी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काकूंच्या एकट्यादुकट्या ठोक्याकडे बघून डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितलं, कारण निलय किती जोरानं आवळतो आणि झडपा नीट मिटतात का, हे ईसीजीत दिसत नाही. आणि छातीत दाब, घाम किंवा चक्कर असेल तर पट्टी वाचत बसू नका. सुरुवातीची पट्टी साधी दिसली तरी हृदयविकाराचा झटका असू शकतो, म्हणून सरळ इस्पितळ गाठा.