यादीत होतं, तरी राहिलं: चेकलिस्ट करताना या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या नाटकाच्या दौऱ्यात एका प्रयोगाला नायकाने ड्रॉवर उघडला आणि आत पत्र नव्हतं. दुसऱ्या अंकातला सगळा खेळ त्या पत्रावर. बिचाऱ्याने रिकाम्या ड्रॉवरकडे बघत पत्र तोंडपाठ "वाचून" दाखवलं. प्रेक्षकांना कळलं की नाही माहीत नाही, पण विंगेत उभ्या असलेल्या मला घाम फुटला. कारण माझ्याकडे चेकलिस्ट होती, एकतीस मुद्द्यांची. त्यात 'प्रॉपर्टी', म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, हा मुद्दा होता आणि त्याच्यापुढे बरोबरची खूणही होती.

त्यानंतर मी वैमानिकांच्या चेकलिस्टबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. चेकलिस्ट मुळात त्यांचीच. १९३५ साली अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान उडताच कोसळलं. जमिनीवर उभ्या विमानाचे हलणारे भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. वैमानिक अनुभवी होता, पण विमानातल्या गोष्टीच इतक्या वाढल्या होत्या की नुसत्या आठवणीवर भागेना. तेव्हापासून यादी आली.

मला मात्र जास्त उपयोग झाला तो नंतरच्या अपघातांचा, जिथे यादी होती आणि तरी राहिलं. पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप असतात. उड्डाणाआधी ते ठरावीक अंशांत खाली करतात, म्हणजे कमी वेगातही विमान उचललं जातं. ते न करता उड्डाण घेतलेली तीन विमानं मी शेजारी शेजारी ठेवली: डेट्रॉइट १९८७, डॅलस १९८८, माद्रिद २००८. तिन्ही ठिकाणी फ्लॅप यादीत होते, आणि तिन्ही ठिकाणी धोक्याचा भोंगा वाजायला हवा होता, तो वाजला नाही. पण यादी तिन्हीकडे वेगवेगळ्या जागी फसली.

चूक पहिली: यादी कधी सुरू करायची हे ठरलेलंच नसतं

डेट्रॉइटला धावपट्टीकडे जाताना यादी वाचायची होती, ती वाचलीच गेली नाही. धावपट्टी ऐनवेळी बदलली, नवे आकडे काढावे लागले, वळण चुकलं. "आता यादी घ्या" म्हणायची वेळ या गडबडीत निघून गेली. १५६ माणसं गेली. विमानातली एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली.

'निवांत मिळाल्यावर वाचू' अशी यादी कधीच वाचली जात नाही. ती अशा घटनेला बांधायची जी झाल्याशिवाय पुढचं काम होणारच नाही. आमच्याकडे अशी घटना आयती होती: घंटा. आता दुसरी घंटा झाली की यादी सुरू होते, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही. घंटेचं बटण यादी वाचणाऱ्याच्याच ताब्यात दिलं. निर्माते कुरकुरले. पण नव्या, छोट्या यादीतल्या नऊ मुद्द्यांना चाळीस सेकंद लागतात हे दाखवल्यावर गप्प बसले.

चूक दुसरी: उत्तर म्हणून 'चेक' चालतं

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डॅलसने. तिथे यादी नीट वाचली गेली. "फ्लॅप्स?" असं विचारलं गेलं आणि उत्तरही आलं: "पंधरा, पंधरा, हिरवा दिवा." म्हणजे दोन्ही काटे पंधरा अंशांवर आणि पंखाच्या पुढच्या कडेचे भागही बाहेर आल्याचा दिवा लागलेला. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात हे आहे, आणि प्रत्यक्षात फ्लॅप वरच होते. हजार वेळा दिलेलं उत्तर तोंडातून आपोआप गेलं, डोळे काट्यावर गेलेच नाहीत. चौदा जणांचा जीव गेला.

एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ही विमानातली पद्धत. ती चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, उत्तरात 'झालं', 'ओके', 'चेक' नको. जे दिसतंय ते बोलायचं, म्हणजे आकडा, जागा किंवा स्थिती. दुसरी, विचारणाऱ्यानेही तिकडे बघायचं, नाहीतर तो नुसता वाचनालयातला माणूस. तिसरी, काम ज्याने केलं त्यानेच विचारायचं नाही.

माझी फसलेली यादी मी एकटाच वाचत होतो आणि खुणाही मीच करत होतो. शिवाय 'प्रॉपर्टी' हा मुद्दाच नव्हे, ते गाठोडं आहे. त्यात पत्र, चष्मा, फळं कापायची सुरी, फोटोफ्रेम असं सगळं होतं. टेबलाकडे नजर टाकली, टेबल भरलेलं दिसलं, खूण केली.

आता यादी बॅकस्टेजचा सगळ्यात लहान मुलगा वाचतो आणि प्रॉपर्टी सांभाळणारे काका उत्तर देतात. थोडंसं असं:

पत्र? — वरचा ड्रॉवर, हातात घेतलं.
टेलिफोन? — वाजला.
कॉलर माइक? — तीन, तिन्हींचा आवाज आला.
ब्लॅकआउट? — दिला, पूर्ण अंधार.
डाव्या विंगेतली वाट? — मोकळी.

पहिले काही प्रयोग काका "हो रे, झालंय सगळं, पुढे चल" म्हणायचे. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोराने "काका, उत्तर द्या" म्हणायचं, हे सोपं नाही. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं की ठरलेलं उत्तर आल्याशिवाय त्याने पुढचा मुद्दा वाचायचाच नाही, नुसतं थांबून राहायचं. त्या शांततेने काम केलं.

चूक तिसरी: मध्ये कोणी हाक मारली तर काय, हे लिहिलेलं नसतं

माद्रिदचं विमान एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन परत आलं होतं. बाहेरचं तापमान मोजणाऱ्या उपकरणाची तक्रार होती. दुरुस्ती झाली, उशीर झाला, पुन्हा इंजिनं सुरू केली. यादी वाचताना शेवटचा मुद्दा फ्लॅपचा होता. त्याच्या आधीच कॅप्टनने सहवैमानिकाला निघण्याची परवानगी मागायला सांगितलं. परवानगी मिळाली, विमान हललं, तो मुद्दा मागेच राहिला. पुढच्या यादीत फ्लॅपचा आकडा परत आला, तेव्हा तो डॅलससारखाच न बघता म्हटला गेला. १५४ मृत्यू.

पत्राचं प्रकरण अगदी याच जातीचं. मी टेबलापाशी होतो तेव्हा नाट्यगृहाचा इलेक्ट्रिशियन डिमरबद्दल विचारायला आला. परत आलो तेव्हा बोट एक ओळ खाली होतं. माणसाला 'करायचं ठरवलं' आणि 'केलं' यातला फरक पाच मिनिटांनी आठवत नाही.

छोटी यादी असेल तर उपाय सरळ आहे: खंड पडला की पहिल्यापासून. नऊ मुद्द्यांत तेवढं परवडतं. एकतिसात कोणी करणार नाही, आणि यादी छोटी ठेवण्याचं हेही एक कारण. मोठ्या यादीत जिथे थांबलात ती ओळ मोठ्याने सांगून ठेवा ("ब्लॅकआउटपाशी थांबलोय") आणि परत आल्यावर ती ओळ पुन्हा घ्या, तिच्या पुढची नव्हे. सगळं झाल्यावर "यादी पूर्ण" असं म्हणायचंच. हे शब्द ऐकू आले नाहीत तर यादी अर्धवट आहे असं समजायचं.

चूक चौथी: क्रम सुचेल तसा

वैमानिक आधी हाताच्या सवयीने सगळी बटणं लावतात, बहुतेक वरून खाली, एका बाजूने दुसरीकडे. यादी नंतर येते, ती पडताळणीसाठी. यादी वाचत वाचत काम करणं हा वेगळा प्रकार, तो मुख्यतः बिघाडाच्या वेळी वापरतात. रोजच्या यादीत या दोन्हींची भेळ केली की एकतीस मुद्दे होतात. माझ्या यादीत 'पडद्याला इस्त्री' होतं, म्हणजे बघा.

नासासाठी असाफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये कॉकपिटमधल्या याद्यांचा अभ्यास केला. त्यांची एक शिफारस मला फार पटली: सगळ्यात महत्त्वाचे मुद्दे शक्य तितके वर ठेवा, म्हणजे कोणी मध्ये येण्याआधी ते उरकतील. माद्रिदच्या यादीत फ्लॅप शेवटी होते, हे आठवा. दुसरी शिफारस अशी की ऐनवेळी बदलू शकणारा महत्त्वाचा मुद्दा दोन याद्यांत ठेवा. आमच्याकडे असा मुद्दा म्हणजे कॉलर माइक. नट मेकअप रूममधून बाथरूमला जाताना तो बंद करतात (आणि केलाच पाहिजे, अनुभवाने सांगतो), मग चालू करायचं विसरतात. म्हणून तो दोनदा विचारला जातो.

लांबीबद्दल एकच सांगतो. २००९ मध्ये हडसन नदीवर उतरलेल्या विमानाची दोन्ही इंजिनं सुमारे २,८०० फुटांवर बंद पडली. हातात आलेली यादी तीन पानांची होती आणि २०,००० फुटांच्या वरचा बिघाड धरून लिहिलेली. साडेतीन मिनिटांत जेमतेम तिसरा हिस्सा झाला. पाण्यावर उतरताना विमानाच्या पोटाकडची तोंडं बंद करणारं बटण पुढच्या भागात होतं, तिथवर कोणी पोहोचलंच नाही. विमानाच्या मागच्या भागाला खालून एवढी भगदाडं पडली होती की बटणाने फारसा फरक पडला नसता, हा भाग निराळा.

यादी मेली आहे हे कसं ओळखायचं

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या बेडफर्डला एका खाजगी जेटने उड्डाणाचा प्रयत्न केला आणि ते धावपट्टी संपून पुढे गेलं. सातही जण गेले. कारण तेच, १९३५ चं: कुलूप काढलं नव्हतं. विमानातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा नियंत्रणं पूर्ण हलवून बघण्याची चाचणी पुरी केलीच नव्हती. एकदा विसरले असं ते नव्हतं. यादी बऱ्याच आधी मेली होती.

म्हणून मी आता कान देऊन ऐकतो. प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं तर समजायचं, बघितलेलं नाही. एका प्रयोगाला "पत्र?" आणि "वरचा ड्रॉवर, हातात घेतलं" हे दोन्ही ऐकू आलं, पण ड्रॉवरचा आवाज आला नाही. आमचा ड्रॉवर किरकिरतो. पत्र होतं जागेवर, पण मला चैन पडेना.

काकांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दर प्रयोगाआधी पत्राच्या मागे पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवतो, रोज वेगळा. यादीतलं उत्तर बदललं. आता मुलगा विचारतो, "पत्र?" किरकिर ऐकू येते, थोडा वेळ जातो आणि काका म्हणतात, "सत्तेचाळीस."