४२० पाउंड-फुटांचे ५७१ न्यूटन-मीटर कसे झाले?

यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात लागलो, तेव्हा तिथे परदेशी ट्रकच्या क्लचचे भाग तयार होत असत. मागणीबरोबर ग्राहकाने ट्रकच्या इंजिनाचे तांत्रिक माहितीपत्रक पाठवले होते आणि त्यातील पाउंड, फूट व इंच काढून सगळे आकडे मेट्रिक एककांत लिहून देणे हे मला मिळालेले पहिले काम होते. त्यात टॉर्कची एकच ओळ होती: 420 lb-ft @ 1400 rpm. एका ओळीचा गुणाकार म्हणून मी ती पाच मिनिटांत उरकली आणि तिथेच चुकलो.

कुठेतरी वाचलेला १.३६ हा गुणक मी वापरला आणि ५७१ न्यूटन-मीटर असे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी तपासणी विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद समोर ठेवून विचारले, "हा आकडा मूळ आकड्यातून निघू तरी शकतो का?" तोपर्यंत आकडा बरोबर असतो किंवा चूक असतो एवढेच मला माहीत होते, तो मूळ आकड्याच्या कक्षेत बसतो की नाही, हे तपासता येते याची कल्पना नव्हती.

ती कक्षा त्यांनी मला कागदावर मांडून दाखवली. १ पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम आणि १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, ही दोन्ही मूल्ये व्याख्येनेच ठरलेली आहेत. पाउंड-फुटातील पाउंड हे वस्तुमान नसून बल असल्यामुळे या दोहोंच्या गुणाकाराला प्रमाण गुरुत्वत्वरणानेही, म्हणजे ९.८०६६५ ने गुणावे लागते. त्यातून गुणक मिळतो तो १.३५५८ च्या किंचित वर:

```
420 × 1.355818 = 569.44
```

आता ४२० हा आकडा पूर्णांकात दिलेला आहे, म्हणजे खरा टॉर्क ४१९.५ ते ४२०.५ पाउंड-फुटांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. न्यूटन-मीटरमध्ये हीच कक्षा ५६८.८ ते ५७०.१ अशी येते. माझे ५७१ तिच्या बाहेर पडत होते. गुणक आधीच दोन दशांश स्थळांपर्यंत आखूड केल्यामुळे सुमारे ०.३ टक्के वाढ शिरली होती आणि ४२० सारख्या आकड्यावर ती दीड न्यूटन-मीटरहून अधिक भरते. तेव्हापासून मी गुणक पूर्ण घेतो आणि पूर्णांक करायचा तो फक्त शेवटच्या उत्तराचा. मात्र ५६९.४४ असे लिहिणेही तितकेच चुकीचे, कारण मूळ मोजमापात नसलेली अचूकता त्यातून दाखवली जाते.

शक्तीच्या आकड्याशी ताळा घेण्याची पद्धत चांगली आहे, पण तिची मर्यादा ओळखून ती वापरावी. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. ५६९ आणि १४०० घेतल्यास ८३.४ किलोवॅट येतात, म्हणजेच सुमारे ११२ अश्वशक्ती, आणि पत्रकातील आलेखातही १४०० आरपीएमला ११२ च होती. परंतु ५७१ घेतले तरी उत्तर ११२ च्या आसपासच राहते, त्यामुळे माझी चूक या ताळ्याने कधीच सापडली नसती. हा ताळा मोठी गफलत पकडतो: उदाहरणार्थ, lb-in ला lb-ft समजणे. त्याच पत्रकात व्हॉल्व्ह कव्हरचा बोल्ट 90 lb-in ने आवळण्याची सूचना होती; तिचे योग्य रूपांतर १० न्यूटन-मीटर, तर फूट समजल्यास १२२, आणि तेवढ्या जोराने आवळताना तो बोल्ट तुटणारच. आवळणीच्या टॉर्कला शक्तीचा ताळा नसतो, तेव्हा तिथे एकक डोळ्यांनीच दोनदा वाचावे लागते. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची आणि इंग्रजी ७४५.७ वॅटची असते, हेही ताळा घेताना ध्यानात ठेवावे.

मी ५६९ लिहून कागद पुन्हा दिला, तेव्हा त्या सहकाऱ्यांनी ग्राहकाकडे इंजिन उत्पादकाचे मूळ पत्रक मागायला सांगितले. त्यात टॉर्क ५७० न्यूटन-मीटर होता. त्याचे पाउंड-फूट ४२०.४ होतात आणि ते कोणीतरी ४२० करून अमेरिकी पत्रकात छापले होते. मी त्याच आकड्याला उलटे परत आणत होतो. ५६९ हे रूपांतर म्हणून निर्दोष होते, पण मूळ आकडा हाती असताना रूपांतरित आकडा छापण्याचे कारण उरत नाही. आमच्या पत्रकात शेवटी ५७० न्यूटन-मीटर गेले, शेजारच्या रकान्यात ग्राहकाचे ४२० पाउंड-फूट तसेच राहिले आणि मूळ मोजमाप कोणत्या एककात आहे, याचा शेरा त्याखाली आला.