एमएस शाफ्टची फिनिश खरबरीत येत होती, ती अशी सुधारली

जळगावच्या एका डाळ मिलचा ४० मिमी व्यासाचा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा शाफ्ट लेथवर ३६ वर उतरवायचा होता. ब्रेझ्ड कार्बाइड टूल, स्पीड २०० आरपीएम. जॉबवर ओरखडे दिसत होते. टूल काढून पाहिलं, तर धारेवर लोखंडाचा चकचकीत कण वितळून बसल्यासारखा चिकटलेला. कमी स्पीडला माइल्ड स्टील असंच चिकटतं, मग तो कण सुटताना जॉब ओरबाडतो. नुसती धार लावून हे जात नाही.

हिशोब केला: २०० आरपीएमला मिनिटाला जेमतेम २५ मीटर पडतात. हा हायस्पीड स्टीलच्या टूलचा वेग. कार्बाइडला १०० च्या आसपास हवा. N म्हणजे आरपीएम, V मिनिटाला मीटर, D व्यास मिमीत:

```
N = 1000 × V / (π × D)
  = 1000 × 100 / (3.14 × 40) ≈ 796
```

हेडस्टॉकवर जवळचा गिअर ७७५ चा मिळाला. रफिंगला फीड ०.२, कट १.६ मिमी, व्यास ३६.८ झाला, कारण व्यास कटाच्या दुप्पट उतरतो. शेवटी फीड ०.१, कट ०.४. याहून बारीक कट घेऊ नका. टूलच्या नाकाची गोलाई ०.४ आहे, त्याखाली टूल कापण्याऐवजी घासायला लागतं.

फिनिश स्वच्छ आली, चिप निळसर निघाली. लांब चिप मात्र हुकनेच ओढा, तीही मशीन थांबवून. हायस्पीड टूल ७७५ ला लावलं तर धार लगेच जळते.