केमिस्ट्रीची पदवी, लोट्याची एमआयडीसी आणि माझे वाया गेलेले चौदा महिने

बी.एस्सी. झाल्यावर घरचा सल्ला एकच, रिकामा बसू नको. गावातल्या एकाच्या ओळखीने लोटे-परशुरामच्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरकडे लागलो. पॅकिंगला. रोज खेडहून एसटीने जायचो आणि पिशव्या मोजायचो. 'आत शिरलास की लॅबमध्ये घेतील,' हे आश्वासन. लॅबचं दार मी चौदा महिने बाहेरूनच पाहिलं.

खरा फटका नंतर बसला. पदवीधर अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी nats.education.gov.in वर नाव नोंदवायला बसलो, तेव्हा जाहिरातीतली ओळ वाचली: एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेले अपात्र. अनुभव पिशव्यांचा होता, पण अनुभवच! लपवू म्हटलं, तर पीएफ खात्यात रुजू झाल्याची तारीख दिसते. म्हणजे लॅबसाठी मी बिनअनुभवी आणि अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी अनुभवी. म्हणून सांगतो, निकालानंतर आधी अ‍ॅप्रेंटिसशिपचा अर्ज करा, मग पोटापाण्याचं काहीही. कॉन्ट्रॅक्टरकडे गेलातच, तर वर्ष भरायच्या आत बाहेर पडा. जाहिरातीत पास झाल्याची वर्षंही दिलेली असतात, ती बघा. बी.ए.वाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. बँका पदवीधर अ‍ॅप्रेंटिस घेतात आणि तिथे शाखा कुठलीही चालते.

आता मुलाखत. मला विचारलं, '०.१ नॉर्मल कॉस्टिक एक लिटर कसं करशील?' मी म्हटलं, चार ग्रॅम वजन करून लिटरभर करीन. 'मग?' मी गप्प. कॉस्टिक हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे चार ग्रॅमवर भरवसा ठेवता येत नाही. केएचपी ही शुद्ध, नेमकी तोलता येणारी पावडर, तिने द्रावण तपासून खरी नॉर्मॅलिटी काढावी लागते. साधारण ०.४ ग्रॅम केएचपी नेमकं तोलून पाण्यात विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि फिकट गुलाबी टिकेपर्यंत कॉस्टिक सोडायचं. सुमारे २० मिली लागतं. हे मी कॉलेजात केलं होतं, पण जर्नल सिनियरचं उतरवलं होतं. तुम्हीही उतरवलंच असेल. एवढं एक प्रॅक्टिकल तरी कारणांसकट परत वाचून जा.

पैसे घेऊन 'लावून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. माझ्या मामांनी एकाला दिले होते, तो अजून मागतोय. उलट लॅबमधला एखादा जुना केमिस्ट चहाला भेटला, तर त्याला फक्त विचारा, दिवसभर काय तपासता.

मला पुढे एका छोट्या युनिटने ट्रेनी म्हणून घेतलं, कमी पगारावर, रात्रपाळीला. पहिल्या रात्री सिनियरने कॉस्टिकची बाटली पुढे ठेवली आणि म्हणाला, 'हिची तारीख संपलीय, नवी कर.' हात थरथरत होते, पण केएचपी कुठल्या कपाटात आहे, ते मीच विचारलं.