टोकन मोजण्याआधी: व्हेरिएबल रूल विश्लेषणाची चौकट कशी आखायची

एकच ध्वनी कधी उच्चारला जातो, कधी गाळला जातो, त्यामागची शक्यता मोजण्याचं, म्हणजे व्हेरिएबल रूलचं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांना बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची धास्ती असते. गोल्डव्हार्ब कसं चालवायचं, त्यातले आकडे कसे वाचायचे, हेच मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. तो भाग खरं तर लवकर शिकून होतो. निकाल ज्यावर उभा राहतो ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: कुठला उच्चार मोजणीत घ्यायचा, कुठला सोडायचा, आणि सोडायचा तर कशासाठी. माझं काम इंग्रजीतल्या शब्दाच्या शेवटच्या ट-ड च्या लोपावर झालं, म्हणून तेच उदाहरण धरून सांगते.

इंग्रजी बोलणारी माणसं ‘कोल्ड’चं कधी ‘कोल’ करतात, ‘लास्ट वीक’चं ‘लास वीक’. हे कुठल्या एका गटाचं वैशिष्ट्य नाही. थोड्याफार प्रमाणात सगळेच करतात, आणि एकच माणूस एकाच मुलाखतीत दोन्ही उच्चार करतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी 1969 साली इंग्रजीतल्या ‘इज’ आणि ‘आर’च्या आकुंचन-लोपावरच्या लेखात अशा चढउतारालाच नियमात जागा दिली: नियम लागतो किंवा लागत नाही एवढंच न म्हणता, अमुक परिस्थितीत तो लागण्याची शक्यता किती, हे मांडायचं. पुढे 1974 मध्ये हेन्रिएटा सेडरग्रेन आणि डेव्हिड सँकॉफ यांनी त्याला नीट संख्याशास्त्रीय बैठक दिली.

शक्यता काढायची तर छेद हवा. किती वेळा ‘ट’ गळाला हे कान देऊन ऐकलं की कळतं. पण किती वेळा तो गळू शकला असता? तो आकडा म्हणजे आपला छेद, आणि तो ज्या हद्दीतून येतो तिला एन्व्हलप ऑफ व्हेरिएशन म्हणतात. मी तिला परिवर्तनाची चौकट म्हणते. गळलेले उच्चार आणि टिकलेले उच्चार, दोन्ही मोजायचेच, हे लबोव्ह यांचं उत्तरदायित्वाचं तत्त्व इथे लागू होतं.

चौकट आखताना काही निर्णय सोपे असतात. ‘कॅट’मधला ट चौकटीबाहेर, कारण त्याच्या आधी स्वर आहे आणि आपला प्रश्न जोडव्यंजनाचा आहे. ‘अँड’ही बाहेर, कारण त्यातला ड जवळजवळ नेहमीच जातो आणि तो शब्द इतक्यांदा येतो की बाकी सगळं झाकून टाकेल. ‘मिस्ड ट्यूझडे’सारख्या ठिकाणी पुढचा शब्दच ट ने सुरू होतो, त्यामुळे आधीचा ट होता की नव्हता हे ऐकून सांगताच येत नाही. तेही बाहेर. ‘टोल्ड यू’चं ‘टोल्जू’ होतं तिथे मात्र थांबून विचार करा: ड दिसेनासा झाला तरी त्याचा ठसा त्या ज मध्ये उरला आहे, म्हणून मी तो टिकला असं धरते. दुसऱ्या कुणी तो वगळला तरी चालेल, पण निर्णय लिहून ठेवला पाहिजे आणि तो सगळ्या टोकनांना, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक उच्चाराला, सारखा लावला पाहिजे.

सगळ्यात चकवणारी जागा भूतकाळी क्रियापदांची. हिच्यावर जरा थांबते, कारण इथली चूक निकालात दिसत नाही. आकडे स्वच्छच येतात.

बोलणारा एक प्रसंग सांगतोय. प्रसंग सांगताना इंग्रजी बोलणारे मधूनच वर्तमानकाळात शिरतात: ‘सो आय वॉक इन, अँड ही लुक्स अॅट मी’. आता ध्वनिफितीत तुम्हाला ‘आय वॉक इन’ ऐकू आलं. हे ‘वॉक्ट’ होतं आणि ट गळला, की मुळातच वर्तमानकाळ होता? ‘ही’ असता तर शेवटच्या स ने सांगितलं असतं. ‘आय’ बरोबर काहीच खूण नाही. उच्चार ऐकून नोंदवणारा नवखा कोडर इथे साहजिकपणे म्हणतो, शंका आहे, सोडून देऊ. पण नीट पाहा काय होतं. ट ऐकू आला तर भूतकाळ पक्का, शंका उरतच नाही, टोकन आत. ट ऐकू आला नाही तरच शंका येते, आणि टोकन बाहेर. म्हणजे वगळलेल्यांत एकही टिकलेला ट नाही. भूतकाळी क्रियापदांमधल्या लोपाचं प्रमाण आपोआप खाली येतं, आणि ‘भूतकाळाचा प्रत्यय असला की ट टिकतो’ हा निष्कर्ष आपल्याच गाळणीतून तयार होतो. अडचण अशी की हा निष्कर्ष आधीच्या अभ्यासांशी जुळतो, त्यामुळे कुणाला खटकतही नाही.

उपाय असा: टोकन आत की बाहेर हे आवाज न ऐकता, लिखित संहितेवरून ठरवायचं. त्या जागी क्रियापदाचं फक्त मूळ रूप दिसेल अशी संहिता करून घ्या आणि आजूबाजूचं वाक्य वाचा. ‘यस्टरडे’सारखा शब्द आहे का, त्याच वाक्यातलं दुसरं क्रियापद ‘वेंट’सारखं उघड भूतकाळी आहे का? काळ यावरून ठरत असेल तर टोकन आत, मग ट ऐकू येवो न येवो. ठरत नसेल तर बाहेर, आणि इथेच मन घट्ट करावं लागतं, कारण ट अगदी खणखणीत ऐकू येणारी टोकनंही यात बाहेर जातात. आकडा घटतो, पण वगळणं दोन्ही बाजूंना सारखं होतं.

चौकट ठरली की फॅक्टर ग्रुप, म्हणजे लोपावर परिणाम करू शकणाऱ्या गोष्टींचे गट; गटातला प्रत्येक पर्याय म्हणजे एक फॅक्टर. या व्हेरिएबलसाठी भाषेच्या आतले तीन गट बहुतेक अभ्यासांत असतात: शब्दाची घडण, आधीचा ध्वनी, पुढचा ध्वनी. घडणीत तीन प्रकार पडतात. ‘कोल्ड’सारखे एकसंध शब्द, ‘केप्ट’सारखे जिथे स्वर बदलतो आणि शिवाय ट लागतो, आणि ‘वॉक्ट’सारखे नियमित भूतकाळ, जिथे काळ दाखवायला ट शिवाय दुसरं काही नाही. पुढच्या ध्वनीत व्यंजन असेल तर लोप जास्त, स्वर असेल तर कमी, हे वारंवार दिसून आलेलं आहे. पुढे विराम असेल तर बोलीगणिक वागणं बदलतं, म्हणून विरामाला वेगळा कोड द्या, कशातही मिसळू नका.

गोल्डव्हार्बमध्ये प्रत्येक टोकन एका ओळीत बसतं. कंसानंतरचं पहिलं अक्षर परिणामाचं (1 म्हणजे गळला), मग घडण, आधीचा ध्वनी, पुढचा ध्वनी. घडणीत m म्हणजे एकसंध, w म्हणजे ‘केप्ट’चा प्रकार, p म्हणजे नियमित भूतकाळ; आधी l म्हणजे ल, b म्हणजे प, क सारखं स्पर्श व्यंजन; पुढे c म्हणजे व्यंजन, v म्हणजे स्वर:

```
(1mlc  cold night
(0mlv  cold air
(0wbv  kept it
(1pbc  walked past
```

सुरुवातीला कोड बारीक ठेवा. पुढच्या ध्वनीत र, ल, व, य वेगळे, बाकीची व्यंजनं वेगळी. नंतर गट जोडता येतात. आधीच जोडलेले सोडवायचे तर ध्वनिफिती पुन्हा ऐकाव्या लागतात. बारीक कोडांमुळे काही ठिकाणी नॉकआउट येईल, म्हणजे एखाद्या फॅक्टरमध्ये लोप शून्य टक्के किंवा शंभर टक्के. तिथे गणित पुढे सरकत नाही. पुढे य असलेली चारच टोकनं आहेत आणि चारही गळली, तर तो नियम नाही, टोकनांचा तुटवडा आहे. ध्वनिदृष्ट्या जवळच्या व बरोबर जोडा. पण भरपूर टोकनं असूनही शंभर टक्के लोप दिसला, तर तिथे चढउतारच नाही. ती जागा चौकटीबाहेर काढा आणि अहवालात तसं लिहा. प्रत्येक फॅक्टरला साधारण 30 टोकनं असली की आकडे फार हेलकावत नाहीत.

आता ‘जस्ट’. हा शब्द एकसंध आहे, त्याच्या आधी स आहे, आणि तो संभाषणात सतत येतो. समजण्यासाठी आकडे कल्पून घेऊ. स-नंतरची 200 एकसंध टोकनं, त्यातली 120 एकट्या ‘जस्ट’ची आणि त्यात 96 गळलेली, म्हणजे 80 टक्के. उरलेल्या 80 मध्ये 40 गळलेली, म्हणजे 50 टक्के. एकत्र पाहिलं तर 136, म्हणजे 68 टक्के. नियमित भूतकाळात लोप 45 टक्के असेल तर घडणीचा फरक 23 टक्क्यांचा भासतो. ‘जस्ट’ काढला तर तो 5 टक्क्यांवर येतो. म्हणून एका बोलणाऱ्याकडून एका शब्दाची ठरावीकच टोकनं घेतात, आणि कोणती घ्यायची तेही ऐकण्याआधी ठरवतात. शिवाय मॉडेल चालवण्याआधी घडण आणि आधीचा ध्वनी यांचं क्रॉसटॅब, म्हणजे कुठल्या जोडीत किती टोकनं आहेत याचा तक्ता, काढाच. स-चे जवळपास सगळे शब्द एकसंधच निघाले, तर त्या दोन गटांचा परिणाम वेगळा करणं कुठल्याच सॉफ्टवेअरला जमणार नाही.

हे झालं की वेट्स, म्हणजे गोल्डव्हार्ब प्रत्येक फॅक्टरला देतं ते 0 ते 1 मधले आकडे, वाचणं अवघड नाही. 0.5 च्या वर म्हणजे लोपाला अनुकूल, खाली म्हणजे प्रतिकूल. इनपुट म्हणजे एकूण कल. एखाद्या संदर्भाची शक्यता काढताना प्रत्येक आकड्याचं p/(1-p) करून गुणाकार करायचा, आणि आलेल्या x चं x/(1+x) केलं की शक्यता मिळते. इनपुट 0.40, पुढे व्यंजन 0.70, एकसंध शब्द 0.60 असेल तर 0.667 × 2.333 × 1.5 = 2.333, म्हणजे शक्यता 0.70. व्यंजनाऐवजी स्वर आला आणि त्याचं वेट 0.30 असेल, तर तीच शक्यता 0.30 वर उतरते. हा हिशेब एकदा हाताने करा, मग मॉडेलने दिलेला अंदाज आणि त्या संदर्भातली प्रत्यक्ष टक्केवारी शेजारी ठेवा. एखाद्या ठिकाणी दोन्हींत मोठी तफावत असेल तर गट एकमेकांत गुंतलेले आहेत किंवा कोडिंगमध्ये काहीतरी राहून गेलंय.

दोन अभ्यासांची तुलना करताना वेटचा नुसता आकडा उचलू नका, कारण गटात कोणते फॅक्टर धरले यावर तो हलतो. क्रम पाहा: व्यंजन, विराम, स्वर यांची उतरंड दोन्हीकडे तीच आहे का?

आज बरेच जण रब्रूल किंवा थेट आर हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरतात, आणि मीही तेच सुचवेन. आरमध्ये आधी lme4 पॅकेज लोड करा:

```
glmer(del ~ morph + prec + foll + (1|speaker) + (1|word),
      data = d, family = binomial)
```

इथे बोलणारा आणि शब्द रँडम इफेक्ट म्हणून जातात, म्हणजे प्रत्येक माणसाचा आणि शब्दाचा स्वतःचा कल वेगळा धरला जातो, त्यामुळे ‘जस्ट’चा किंवा एखाद्या फार बोलणाऱ्या माणसाचा भार बराच हलका होतो. निकाल लॉग-ऑड्समध्ये, म्हणजे p/(1-p) च्या लॉगरिदममध्ये, येतो. आर एरवी प्रत्येक फॅक्टरची तुलना गटातल्या पहिल्या फॅक्टरशी करतं; contr.sum लावलं तर 0.5 ची जागा शून्य घेतं. पण ‘आय वॉक इन’ आत घ्यायचं की बाहेर, हे या ओळीला कळत नाही. त्यासाठी मी कोडिंग सुरू होण्याआधीच वगळण्याच्या नियमांचं एक पान लिहून ठेवते, आणि मुलाखतींचा एक तुकडा दुसऱ्या कुणाकडून तेच पान वापरून स्वतंत्रपणे कोड करून घेते. आमचे मतभेद ट ऐकू आला की नाही यावर असतील तर ध्वनिफीत पुन्हा ऐकतो. ते टोकन आत की बाहेर यावर असतील, तर पान पुन्हा लिहितो आणि त्या नियमाखाली येणारी सगळी टोकनं नव्याने तपासतो.