इंडिफरन्स कर्व्ह आणि बजेट लाइन: टेकली म्हणजे उत्तर आलं असं नसतं, या चुका टाळा

एकच उदाहरण घेऊ आणि तेच पुढे नेऊ. उत्पन्न १२०, एक्सची किंमत ४, वायची २, म्हणजे बजेट लाइन 4x + 2y = 120, जी आडव्या अक्षाला ३० वर आणि उभ्या अक्षाला ६० वर भेटते. ही लाइन आधी काढा, कर्व्ह नंतर. बरीच मुलं आधी मस्त गोलाकार कर्व्ह काढतात आणि मग पट्टी सरकवत लाइन त्याला चिकटवतात. आकृती दिसते बरोबर, पण उत्पन्न आणि किमती तिच्यात कुठेच नसतात.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त खटकते ती. "इथे कर्व्ह लाइनला स्पर्श करतो म्हणून ग्राहकाला इथे सगळ्यात जास्त समाधान मिळतं." अरे पण का? स्पर्श हे कारण नाहीये. समजा U = xy आहे. १० एक्स आणि ४० वाय हा बिंदू लाइनवरच आहे, पूर्ण पैसे खर्च झालेत, आणि तिथे U येतं ४००. पण तिथे MRS आहे y/x म्हणजे ४, म्हणजे हा माणूस अजून एक एक्स मिळवण्यासाठी जवळपास ४ वाय सोडायला तयार आहे, आणि बाजारात एका एक्ससाठी सोडावे लागतात फक्त २. मग तो थांबेल कशाला? ११ आणि ३८ वर गेला की U होतं ४१८. दुसऱ्या बाजूला २० आणि २० बघा, तिथेही U ४००च, पण MRS १, म्हणजे तिथून तो एक्स कमी करून वाय वाढवणार. हे दोन्ही बिंदू एकाच कर्व्हवर आहेत, तो कर्व्ह लाइनला दोन ठिकाणी छेदतो आणि मधला सगळा तुकडा त्याच्यापेक्षा चांगला आहे. ही अदलाबदल थांबते तिथे MRS बरोबर २, म्हणजे y = 2x, म्हणजे १५ एक्स, ३० वाय, U ४५०. उत्तरात हे "थांबते का" लिहा, "स्पर्श करतो" एवढंच नको. (४५० आणि ४०० मधल्या ५० ला मात्र काही अर्थ नाही, फक्त क्रम बघायचा.)

याच उदाहरणात MUx = MUy लिहून २०-२० हे उत्तर काढणारे दरवेळी भेटतात. किमतीने भागा रे, MUx/Px = MUy/Py!

दुसरी चूक शॉर्टकटवाल्यांची. MRS = किमतींचं गुणोत्तर, सोडवा, झालं. एका बॅचला मी याच बजेटवर U = x² + y² दिलं होतं. वर्गातला सगळ्यात फास्ट मुलगा, मिनिटाभरात उत्तर तयार: MRS = x/y = 2, म्हणून २४ एक्स आणि १२ वाय. मी म्हटलं चुकलं, तर त्याने आकडेमोड तपासली, परत तपासली, आणि म्हणाला सर, बिंदू लाइनवर आहे, स्लोपही जुळतोय, चूक दाखवा. आकडेमोडीत चूक नव्हतीच. मी म्हटलं U काढ. ५७६ अधिक १४४, ७२०. आता सगळे पैसे एक्सवर घालव: ३० चा वर्ग ९००. सगळे वायवर: ६० चा वर्ग ३६००. म्हणजे त्याने जो बिंदू बेस्ट म्हणून शोधला होता तो अख्ख्या लाइनवरचा सगळ्यात वाईट बिंदू होता, टँजन्सी अगदी परफेक्ट असूनही. कारण हे कर्व्ह ओरिजिनकडे फुगीर नाहीत, उलट्या बाजूला फुगलेत, एक्स जितका जास्त तितका MRS वाढत जातो. MRS घटता असेल तरच टँजन्सीवर भरवसा ठेवायचा.

म्हणून माझी सवय अशी की टँजन्सी सापडली तरी दोन्ही टोकांवर U काढायचं, अर्धं मिनिट लागतं. घाई असलेल्यांना हेच नको असतं.

U = x + y दिलं की हीच मंडळी 1 = 2 लिहून "उत्तर नाही" म्हणतात. आहे की! MRS सगळीकडे १ आणि बाजार एका एक्सचे २ वाय मागतो, तर एक्स घेईल कोण, ६० वाय घेऊन मोकळा. टँजन्सीतून एखादी संख्या निगेटिव्ह आली तरी टोकालाच जायचं.

आणि U = min(x, y) ला डेरिव्हेटिव्ह घेऊ नका, कोपऱ्यावर स्लोपच नसतो. x = y ठेवा, 6x = 120, दोन्ही २०.