सरळ फिनऐवजी निमुळती फिन: तेवढीच उष्णता, कमी धातू

फिन म्हणजे गरम भागाची उष्णता हवेत सोडणारी धातूची पट्टी. तिच्या बुडाशी सगळी उष्णता एकदम आत शिरते आणि टोकाकडे जाता जाता दोन्ही बाजूंनी हवेत सुटत राहते. म्हणजे जसजसे टोकाकडे जावे, तसतशी धातूतून वाहायची उष्णता कमी होत जाते. सरळ फिनची जाडी मात्र शेवटपर्यंत तीच राहते. नीट मापात बसवलेल्या सरळ फिनमध्येसुद्धा निम्म्या लांबीवर बुडाच्या ४० टक्केच उष्णता उरलेली असते आणि पाऊण लांबीवर जेमतेम १९ टक्के. तिथला बराचसा धातू नुसता वजन वाढवतो. हाच धातू काढून टाकायचा आहे.

आधी तुलना न्याय्य करून घ्या. सरळ फिन मनाला येईल त्या मापाची घेतली आणि टोकाला धारेपर्यंत निमुळती होणारी त्रिकोणी फिन मात्र हिशेबाने बसवली, तर बचत फुगून दिसते. दोन्ही आपापल्या सर्वोत्तम मापाला आणूनच तोलायला हव्यात. बूड हवेपेक्षा ६० अंश गरम, अॅल्युमिनियमची उष्णता-वाहकता k = २०० आणि पृष्ठभागावरचा संवहन गुणांक h = ५० (सगळे एसआय एककांत) धरू. फिनच्या दर मीटर रुंदीमागे ३०० वॅट बाहेर काढायचे आहेत. पहिली पायरी म्हणजे वॅटना अंशांनी भागणे: s = 300/60 = 5.

आता बुडाची जाडी t आणि लांबी L काढा. टोकातून उष्णता जात नाही असे धरले, तर कमीत कमी धातू लागण्याची मापे अशी येतात:

```
सरळ:     t = 0.632 s²/(h k)    L = 0.798 s/h
त्रिकोणी:  t = 0.828 s²/(h k)    L = 0.842 s/h
```

आकडे घातले की सरळ फिन १.५८ मिमी जाड आणि ८० मिमी लांब निघते. त्रिकोणी फिन बुडाशी २.०७ मिमी आणि लांबीला ८४ मिमी. ती थोडी लांब आणि बुडाशी चांगलीच जाड झाली, मग बचत कुठे, असे वाटेल. छेदाचे क्षेत्रफळ काढा. सरळ फिनचे १२६ चौ. मिमी भरते, तर त्रिकोणाचे निम्मे करायचे असल्यामुळे ८७. एक मीटर रुंदीला अॅल्युमिनियम ३४० ग्रॅमऐवजी २३५ ग्रॅम लागते. बचत सुमारे ३१ टक्के, आणि h किंवा k बदलले तरी हे प्रमाण हलत नाही.

त्रिकोणी फिनचे उत्तर पडताळायचे असेल तर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=60*SQRT(2*50*200*0.00207)*BESSELI(2.618,1)/BESSELI(2.618,0)
```

उत्तर ३०० च्या आसपास यायला हवे. 2.618 म्हणजे 2mL, आणि m = √(2h/kt).

इथे बरेच जण फसतात ते कार्यक्षमतेच्या आकड्याने. या सरळ फिनची कार्यक्षमता ०.६३, त्रिकोणीची ०.५९. त्रिकोणीचे टोक जास्त थंड असते: हवेपेक्षा साधारण १७ अंश वर, तर सरळ फिनचे २७ अंश वर. म्हणजे कमी कार्यक्षम फिन कमी धातूत तेच काम करते! कार्यक्षमता फक्त एवढेच सांगते की सगळा पृष्ठभाग बुडाइतका गरम असता तर किती उष्णता गेली असती, त्याचा किती हिस्सा प्रत्यक्षात गेला. धातू किती लागला, हे तिच्या हिशेबात येतच नाही. टोक गरम ठेवण्याच्या नादात जाडी वाढवत गेलात तर बचत हातची जाते.

अगदी तासून अंतर्वक्र पॅराबोला केला तर सरळ फिनच्या तुलनेत बचत ३४ टक्क्यांपर्यंत जाते. १९२६ मध्ये एर्न्स्ट श्मिट यांनी मांडलेला सर्वात हलका आकार तो हाच. पण त्रिकोणापुढे मिळणाऱ्या त्या तीन टक्क्यांसाठी वक्र डाय कुणी करावी, असे मला वाटते.

धारदार टोकही सोडून द्या. ओतकामात ते नीट भरत नाही, हाताळताना वाकते. टोकाला अर्धा मिलिमीटर जाडी ठेवून समलंब आकार घेतला तरी बचतीचा मोठा भाग टिकतो. शिवाय साच्यातून फिन सुटावी म्हणून उतार द्यावाच लागतो, म्हणजे ओतीव फिनला थोडा निमुळतेपणा फुकटच मिळतो. पत्र्याची फिन असेल तर मात्र सरळच बरी, कारण पत्रा निमुळता करण्याचा खर्च वाचलेल्या धातूला गिळून टाकतो.

आकाराच्या आधी फिनची संख्या तपासा. एका फिनला लागणारा धातू तिच्या उष्णतेच्या घनाप्रमाणे वाढतो. तेच ३०० वॅट दोन फिनांत वाटले तर प्रत्येकीला आठवा हिस्सा लागतो आणि मिळून फक्त चौथाई धातू. ही बचत त्रिकोणापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण फिना इतक्या जवळ आल्या की मधली हवा कोंडते आणि h घसरतो. मग वरची सगळी मापे नव्या h ने पुन्हा काढावी लागतात.